दवाखान्याच्या फेऱ्या मोजताना साधं रिग्रेशन का चुकतं: पॉयसन आणि निगेटिव्ह बायनोमियल मॉडेलची पहिली ओळख

एका वर्षात रुग्ण डॉक्टरांकडे किती वेळा गेला, या प्रश्नाचं उत्तर ०, १, २, ३ असंच येतं. ते अडीच नसतं आणि उणे दोन तर कधीच नसतं. बहुतेक माणसं थोड्याच वेळा जातात, काहीजण एकदाही जात नाहीत आणि मोजके लोक चाळीस-पन्नास फेऱ्या मारतात. अशा आकड्यांवर नवखा अभ्यासक सवयीने साधं रिग्रेशन लावतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, गुणांक येतात, पी-व्हॅल्यू येतात. चूक कुठे झाली ते त्या निकालाच्या पानावर दिसत नाही, म्हणून ती शोधायची कशी हे आधी शिकावं लागतं.

इथे एकच खरा डेटा घेऊन शेवटपर्यंत जाऊ, म्हणजे प्रत्येक पायरी तुम्हाला स्वतःच्या संगणकावर ताडून पाहता येईल. आर या मोफत सॉफ्टवेअरच्या `AER` पॅकेजमध्ये `NMES1988` नावाचा संच आहे. अमेरिकेत १९८७-८८ मध्ये झालेल्या वैद्यकीय खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीतल्या ४,४०६ व्यक्तींची ही माहिती आहे. सगळेजण ६६ वर्षांचे किंवा त्याहून मोठे, आणि सगळ्यांना मेडिकेअर या सरकारी योजनेचं संरक्षण. `visits` या रकान्यात डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या भेटींची संख्या आहे. प्रश्न असा: मेडिकेअरखेरीज खासगी विमा असलेली माणसं डॉक्टरांकडे जास्त वेळा जातात का, आणि जात असतील तर किती पटीने?

## पायरी १: मॉडेलच्या आधी रकाना पाहा

```r
install.packages("AER")
library(AER)
data("NMES1988")
mean(NMES1988$visits)
var(NMES1988$visits)
sum(NMES1988$visits == 0)
```

तीन आकडे मिळतील. सरासरी सुमारे ५.७७, व्हेरिअन्स सुमारे ४५.७, आणि एकदाही डॉक्टरांकडे न गेलेले ६८३ लोक, म्हणजे साधारण १५.५ टक्के. `max(NMES1988$visits)` चालवलं तर सर्वात जास्त फेऱ्या ८९ दिसतील. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी तपासणी यांच्याशीच ताडून करायची आहे. शून्यांचा आकडा तर नजरेआड होऊ देऊ नका.

आता साधं रिग्रेशन या रकान्याबद्दल काय गृहीत धरतं ते पाहू. त्याच्या मते प्रत्येक व्यक्तीचा एक अपेक्षित आकडा असतो, आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्या दोन्ही बाजूंना घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे सारखाच पसरलेला असतो. व्हेरिअन्स ४५.७ म्हणजे प्रमाण विचलन सुमारे ६.७६. सरासरी ५.७७ आणि प्रमाण विचलन ६.७६ असलेला नॉर्मल वक्र काढला, तर त्याचा जवळपास २० टक्के भाग शून्याच्या डावीकडे जातो. म्हणजे या मॉडेलच्या हिशेबाने दर पाच माणसांमागे एकाने उणे फेऱ्या मारलेल्या असतात!

ऋण आकडे ही वरवर दिसणारी अडचण झाली. त्याहून खोल अडचण पसरटपणाची आहे. ज्या निरोगी माणसाकडून वर्षात एकच फेरी अपेक्षित आहे, त्याचा खरा आकडा बहुधा ०, १, २ यांच्यातच राहणार. ज्या आजारी माणसाकडून पंधरा अपेक्षित आहेत, त्याचा आकडा सहज पाचही येईल किंवा तीसही. सरासरी वाढते तसा पसारा वाढतो. साधं रिग्रेशन मात्र सगळ्यांना एकच पसारा देतं. त्यामुळे त्याचे नेहमीचे स्टँडर्ड एरर कुठे फाजील मोठे, तर कुठे फाजील लहान निघतात.

तिसरी गोष्ट अर्थाची. साधं रिग्रेशन म्हणतं, विम्यामुळे प्रत्येकाच्या फेऱ्या अमुक इतक्याने वाढतात. समजा, ती वाढ सव्वा फेरी आली. एरवी एकदाच जाणाऱ्या माणसासाठी ती दुपटीहून जास्त ठरते, आणि वीस वेळा जाणाऱ्याला ती जाणवणारही नाही. मोजणीच्या आकड्यांमध्ये परिणाम बहुधा पटीत चालतात. 'पंचवीस टक्के जास्त' हे वाक्य दोघांनाही लागू पडतं.

न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. नमुना मोठा असेल, प्रश्न फक्त दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाचा असेल आणि स्टँडर्ड एरर रोबस्ट पद्धतीने, म्हणजे सगळ्यांचा पसारा एकच न धरता, काढलेले असतील, तर साधं रिग्रेशन निरुपयोगी नसतं. पण एखाद्या व्यक्तीचा अंदाज, शून्याची शक्यता किंवा वीसहून जास्त फेऱ्यांची शक्यता त्याला विचारली, की त्याचं उत्तर विश्वासाचं राहत नाही.

## लॉग घेऊन सुटका का होत नाही

इथे बरेचजण एक आडवाट धरतात. आकडा वाकडा आहे ना, मग त्याचा लॉग घ्या. शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून आधी १ मिळवा आणि `log(y+1)` वर साधं रिग्रेशन चालवा. ही पद्धत इतकी रूढ आहे की तिच्यातली गफलत छोट्या उदाहरणाने पाहिलेली बरी.

पहिल्या गटात चार माणसं, त्यांच्या फेऱ्या ०, ०, ०, ८. दुसऱ्या गटातही चार माणसं, फेऱ्या २, २, २, २. दोन्ही गटांच्या एकूण फेऱ्या ८ आणि सरासरी २. दवाखान्यावरचा भार अगदी सारखा. आता `log(y+1)` ची सरासरी काढा. पहिल्या गटाची सुमारे ०.५५ येते, दुसऱ्याची सुमारे १.१०. उलट फिरून फेऱ्यांमध्ये आलो तर पहिल्या गटाला ०.७३ फेऱ्या मिळतात आणि दुसऱ्याला २. जिथे फरकच नव्हता तिथे जवळपास पावणेतीन पटीचा फरक उभा राहिला. लॉगची सरासरी आणि सरासरीचा लॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जिथे शून्यं जास्त तिथे हे अंतर मोठं होतं. शिवाय १ च्या ऐवजी ०.५ मिळवलं असतं तर उत्तर पुन्हा बदललं असतं, आणि १ च का याला कोणताही आधार नाही.

पॉयसन मॉडेल हे उलट टोकाने करतं. ते आकड्याला हात लावत नाही. अपेक्षित सरासरीचा लॉग हा घटकांच्या बेरजेइतका आहे, एवढंच ते म्हणतं. शून्य शून्यच राहतं, अंदाज कधी ऋण येत नाही, आणि गुणांक आपोआप पटीच्या भाषेत बोलतात.

## पायरी २: पॉयसन मॉडेल बसवा

पॉयसन वितरण १८३७ मधलं. एखादी घटना ठरावीक सरासरी दराने आणि एकमेकींशी संबंध नसताना घडत असेल, तर ती ०, १, २… वेळा घडण्याची शक्यता किती, हे ते सांगतं. त्याला एकच आकडा पुरतो: सरासरी. व्हेरिअन्स वेगळा द्यावा लागत नाही, कारण तो सरासरीइतकाच असतो. शून्याची शक्यता तर एका ओळीत निघते: `P(0) = exp(-λ)`, जिथे `λ` म्हणजे सरासरी.

हे खऱ्या जगात कधीकधी नेमकं जुळतं. लाडिस्लाउस बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने झालेल्या मृत्यूंचे आकडे मांडले. त्यातल्या १० लष्करी दळांची २० वर्षं धरली तर २०० नोंदी होतात आणि मृत्यू १२२, म्हणजे सरासरी ०.६१. एकही मृत्यू नसलेल्या नोंदी १०९ होत्या. पॉयसनचा हिशेब १०८.७ देतो. व्हेरिअन्सही ०.६१ च निघतो. कारण सरळ आहे: लाथ बसणं ही दुर्मीळ घटना आहे आणि एकाला बसली म्हणून दुसऱ्याला बसण्याची शक्यता वाढत नाही.

दवाखान्याच्या फेऱ्या तशा नसतात, पण ते मॉडेललाच सांगू द्या. आधी ते चालवू.

```r
f <- visits ~ hospital + health + chronic +
       gender + school + insurance
pois <- glm(f, family = poisson, data = NMES1988)
summary(pois)
```

`hospital` म्हणजे रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळा, `health` म्हणजे स्वतःच्या तब्येतीबद्दलचं मत, `chronic` म्हणजे दीर्घकालीन आजारांची संख्या, `school` म्हणजे शिक्षणाची वर्षं. विम्याचा गुणांक ०.२०२ येतो. तो लॉगच्या मोजपट्टीवर आहे, म्हणून `exp(0.202)` काढा: सुमारे १.२२. अर्थ असा की बाकी घटक सारखे असताना खासगी विमा असलेल्यांच्या फेऱ्या सरासरी २२ टक्के जास्त.

इथे थोडं थांबून एका अशा गोष्टीबद्दल सांगायला हवं, जी या संचात लागत नाही पण तुमच्या डेटात बहुधा लागेल: निरीक्षणाचा कालावधी. एका रुग्णावर ३ महिने लक्ष ठेवलं आणि त्याच्या २ फेऱ्या झाल्या. दुसऱ्यावर १२ महिने ठेवलं आणि त्याच्या ६ झाल्या. नुसती संख्या पाहिली तर दुसरा जास्त फिरतो. वर्षाच्या दराने पाहिलं तर पहिला ८ वर आहे आणि दुसरा ६ वर. मध्येच गाव सोडून गेलेले, मध्येच वारलेले, उशिरा नोंदणी झालेले असे लोक बहुतेक अभ्यासांत असतात. त्यासाठी मॉडेलमध्ये `offset(log(months))` हा भाग घालायचा. ऑफसेट म्हणजे असा घटक, ज्याचा गुणांक शोधायचा नसून १ वर पक्का धरायचा: मुदत दुप्पट तर अपेक्षित फेऱ्या दुप्पट.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे लॉग न घेता `offset(months)` लिहिणं. मग मॉडेल समजतं की १२ महिन्यांच्या रुग्णाचा अपेक्षित आकडा ३ महिन्यांवाल्याच्या चौपट नाही, तर `exp(9)` पट, म्हणजे ८,१०० पटीहून जास्त आहे. स्थिर गुणांक विचित्र मोठा ऋण आला किंवा अंदाज हास्यास्पद निघाले, तर पहिली शंका याच ओळीवर घ्या.

## पायरी ३: मॉडेलला शून्य किती ते विचारा

आता खरी परीक्षा. पॉयसनने स्वतःवर एक कडक अट घालून घेतली आहे: घटक लक्षात घेतल्यावर उरणारा व्हेरिअन्स सरासरीइतकाच असला पाहिजे. ती अट पाळली गेली का, हे दोन ओळींत कळतं.

```r
sum(residuals(pois, type = "pearson")^2) /
  df.residual(pois)
sum(dpois(0, fitted(pois)))
```

पहिली ओळ प्रत्येक व्यक्तीच्या चुकीचा वर्ग तिच्या अपेक्षित व्हेरिअन्सने भागते आणि सगळ्यांची जवळपास सरासरी काढते. अट पाळली असेल तर उत्तर १ च्या आसपास हवं. इथे ते सुमारे ६.७ येतं. म्हणजे पॉयसनने धरलेल्या पसाऱ्याच्या जवळपास सातपट पसारा प्रत्यक्षात आहे. याला ओव्हरडिस्पर्शन म्हणतात. मूळ रकान्यात व्हेरिअन्स भागिले सरासरी सुमारे ७.९ होतं, हे आठवा. तब्येत, आजार, विमा हे सगळं मॉडेलमध्ये घालूनही ते ७.९ वरून ६.७ इतकंच उतरलं. म्हणूनच कच्च्या रकान्यावरून थेट निष्कर्ष काढू नये: तुमच्या डेटात चांगले घटक घातल्यावर हा आकडा १ पर्यंत उतरूही शकतो, आणि मग पॉयसनवर थांबायला हरकत नाही.

दुसरी ओळ प्रत्येक व्यक्तीच्या शून्याची शक्यता काढून बेरीज करते, म्हणजे मॉडेलच्या मते किती लोकांनी एकही फेरी मारलेली नसावी. उत्तर येतं सुमारे ४७. प्रत्यक्षात ६८३ आहेत. ही तफावत इतकी मोठी आहे की पुढे कसलीही सांख्यिकी चाचणी करण्याची गरज पडत नाही. मला स्वतःला ही तपासणी सर्वात प्रामाणिक वाटते, कारण तिचं उत्तर माणसांच्या संख्येत येतं आणि ते कोणालाही समजावता येतं.

आता या बिघाडाचं नुकसान नेमकं कुठे होतं? सरासरीची मांडणी बरोबर असेल, तर मोठ्या नमुन्यात पॉयसनचे गुणांक ओव्हरडिस्पर्शन असूनही योग्य जागी जातात. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि ते उगाच गुणांकांनाच दोष देतात. बिघडतात ते स्टँडर्ड एरर. पॉयसनला वाटतं की डेटात गोंगाट कमी आहे, म्हणून ते आपल्या उत्तराबद्दल गरजेपेक्षा जास्त खात्री बाळगतं. विम्याच्या गुणांकाचा स्टँडर्ड एरर त्याने ०.०१७ दिला. ६.७ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.६ ने गुणलं की तो ०.०४४ होतो. विम्याचा परिणाम इतका ठळक आहे की तो यातूनही तरतो. पण ज्या घटकाचा गुणांक त्याच्या स्टँडर्ड एररच्या साडेतीनपट दिसत होता, तो या दुरुस्तीनंतर दीडपटीपेक्षाही कमी राहतो. कागदावर 'अत्यंत ठळक' म्हणून छापला गेलेला परिणाम प्रत्यक्षात योगायोग असू शकतो.

फक्त सरासरी दरांची तुलना करायची असेल, तर इथेच एक स्वस्त उपाय आहे: पॉयसनचे गुणांक तसेच ठेवून स्टँडर्ड एरर रोबस्ट पद्धतीने काढणं.

```r
coeftest(pois, vcov = sandwich)
```

यामुळे खात्री माणसाळते. पण ४७ आणि ६८३ मधली दरी तशीच राहते, कारण वितरण तेच आहे. शक्यता, अंदाजाचा पल्ला किंवा 'किती लोक मुळीच येणार नाहीत' हे हवं असेल, तर वितरणच बदलावं लागतं.

## पायरी ४: निगेटिव्ह बायनोमियल

जास्तीचा पसारा येतो कुठून? पॉयसन धरून चालतं की तब्येत, आजार, लिंग, शिक्षण आणि विमा सारखे असलेल्या दोन माणसांचा फेऱ्यांचा दर अगदी एकच आहे. तसं नसतं. एकाला लहानसहान दुखण्यातही डॉक्टर हवे असतात, दुसरा अंगावर काढतो. एकाच्या घराजवळ दवाखाना आहे, दुसऱ्याला नेणारं कोणी नाही. यातलं काहीच आपल्या रकान्यांत नाही. मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी १९२० मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगार स्त्रियांच्या अपघातांवर नेमका हाच विचार मांडला होता: प्रत्येकीचा अपघाताचा दर वेगळा धरा, ते दर गॅमा वितरणाने पसरलेले आहेत असं माना, आणि त्या दरांवर पॉयसन चालवा. या मिश्रणातून जे वितरण मिळतं तेच निगेटिव्ह बायनोमियल.

व्यवहारात बदल एवढाच होतो की व्हेरिअन्स आता सरासरीइतका राहत नाही. तो `μ + μ²/θ` होतो, जिथे `μ` म्हणजे सरासरी. `θ` हा नवा आकडा डेटावरून काढला जातो. `θ` लहान तर माणसामाणसांतला फरक मोठा. `θ` फार मोठा झाला तर दुसरा भाग विरून जातो आणि पुन्हा पॉयसनच उरतं.

```r
library(MASS)
nb <- glm.nb(f, data = NMES1988)
summary(nb)
sum(dnbinom(0, mu = fitted(nb), size = nb$theta))
```

`θ` सुमारे १.२१ येतो. सरासरी ५.७७ असलेल्या माणसासाठी हिशेब करा: ५.७७ चा वर्ग सुमारे ३३.३, भागिले १.२१ म्हणजे साधारण २७.५, अधिक ५.७७, एकूण सुमारे ३३. पॉयसन याच माणसाला ५.७७ चा व्हेरिअन्स देत होतं.

दोन्ही मॉडेल शेजारी ठेवली की चित्र असं दिसतं:

| | पॉयसन | निगेटिव्ह बायनोमियल |
|---|---|---|
| अपेक्षित शून्यं (खरी ६८३) | ४७ | ६०८ |
| एआयसी | ३५,९५९ | २४,३५९ |
| विमा: गुणांक | ०.२०२ | ०.२२४ |
| विमा: स्टँडर्ड एरर | ०.०१७ | ०.०३९ |
| दाखल होणं: गुणांक | ०.१६५ | ०.२१८ |
| दाखल होणं: स्टँडर्ड एरर | ०.००६ | ०.०२० |

एआयसी हे मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप आहे, आणि जादा आकड्यांसाठी त्यात दंड असतो. तो जितका कमी तितकं बरं, आणि इथे एकच जादा आकडा मोजून तो ११ हजारांहून अधिक खाली आला.

विम्याचा गुणांक फारसा हलला नाही, स्टँडर्ड एरर मात्र दुपटीहून वाढला. `exp(0.224)` म्हणजे १.२५. विश्वासाचा ९५ टक्के पल्ला काढायचा तर ०.२२४ मधून ०.०३९ च्या १.९६ पट वजा आणि अधिक करा, आणि मग दोन्ही टोकांचा घातांक काढा: सुमारे १.१६ ते १.३५. पॉयसनने हाच पल्ला १.१८ ते १.२७ असा अरुंद दाखवला असता. क्रम लक्षात ठेवा: आधी पल्ला लॉगवर, मग घातांक. उलट केलं तर चुकीची टोकं मिळतात.

रुग्णालयात दाखल होण्याचा गुणांक मात्र ०.१६५ वरून ०.२१८ झाला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॉयसन ज्यांची अपेक्षित संख्या मोठी त्यांना त्याच प्रमाणात जास्त वजन देतं. निगेटिव्ह बायनोमियलला ठाऊक असतं की मोठे आकडे फार डळमळीत असतात, म्हणून ते त्यांचं वजन आवरतं घेतं. सरासरीची मांडणी अगदी बरोबर असती तर वजनं बदलूनही उत्तर जवळपास तेच आलं असतं. ते हललं, याचा अर्थ प्रत्येक वेळी दाखल झाल्यावर फेऱ्या सारख्याच पटीने वाढतात हे गृहीत बहुधा पूर्ण खरं नाही. अशा वेळी त्या घटकाला ०, १, २ आणि त्याहून जास्त अशा गटांत घालून पुन्हा पाहावं.

निकाल कोणाला सांगायचा असेल तेव्हा पटीवर थांबू नका. १.२५ पट म्हणजे एरवी एकदा जाणाऱ्यासाठी पाव फेरी आणि आठ वेळा जाणाऱ्यासाठी दोन फेऱ्या. `predict(nb, newdata, type = "response")` वापरून दोन-तीन ठरावीक व्यक्तींचे आकडे द्या. ऐकणाऱ्याला तेच कळतात. आणि विमा घेणारी माणसं मुळातच वेगळी असू शकतात, त्यामुळे ही २५ टक्के वाढ विम्यानेच घडवली असं हे मॉडेल सिद्ध करत नाही.

## कुठे अडखळाल

सर्वात फसवी जागा पायथनमध्ये आहे. `statsmodels` मध्ये `sm.GLM` ला `family=sm.families.NegativeBinomial()` दिलं, तर ते पसाऱ्याचा आकडा डेटावरून काढत नाही. सांगितला नाही तर `alpha` १ धरून चालतं. मॉडेल चालतं, निकाल सुबक दिसतो आणि पसारा मात्र कोणीच मोजलेला नसतो. `alpha` डेटावरून काढून हवा असेल तर त्याच पॅकेजमधलं `sm.NegativeBinomial` वापरा. हा `alpha` म्हणजे आरच्या `θ` चा व्यस्त आहे. आपल्या उदाहरणात १.२१ चा व्यस्त सुमारे ०.८३. स्टाटाच्या `nbreg` मध्येही `alpha` च येतो. दोन सॉफ्टवेअरची उत्तरं ताडताना आकडे वेगळे दिसले, तर आधी व्यस्त काढून पाहा.

`glm.nb` कधीकधी `iteration limit reached` असा इशारा देतं आणि `θ` हजारोंमध्ये जातो. बहुतेक वेळा याचा अर्थ डेटात जादा पसाराच नाही आणि मॉडेल पॉयसनकडे पळतंय. तिसऱ्या पायरीतला आकडा १ च्या जवळ असेल तर पॉयसन ठेवा. तो १ पेक्षा बराच कमी असेल तर निगेटिव्ह बायनोमियल काहीच करू शकत नाही, कारण त्याला पसारा फक्त वाढवता येतो.

एकाच रुग्णाच्या बारा महिन्यांच्या बारा ओळी डेटात असतील, तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. निगेटिव्ह बायनोमियल प्रत्येक ओळीचा पसारा सैल करतं, पण कोणत्या ओळी एकाच माणसाच्या आहेत हे त्याला कळत नाही. तिथे रुग्णागणिक गट धरून रोबस्ट स्टँडर्ड एरर काढावे लागतात, किंवा प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा दर धरणारं मिश्र मॉडेल लागतं.

राहिली ती ६०८ आणि ६८३ मधली ७५ माणसं. शून्यं जास्त दिसली की लगेच 'झिरो-इन्फ्लेटेड', म्हणजे जादा शून्यांचा वेगळा उगम धरणाऱ्या, मॉडेलकडे धावण्याची सवय आहे, ती टाळा. पॉयसनला ६३६ शून्यं कमी पडत होती, आणि त्यातली ५६१ नुसता पसारा मोकळा केल्यावर भरून निघाली. उरलेल्यांसाठी आधी विचार विषयाचा करावा. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जायचं की नाही हे रुग्ण ठरवतो. त्यानंतर पुन्हा कधी यायचं हे बऱ्याच अंशी डॉक्टर ठरवतात. हे दोन निर्णय वेगळे असतील तर दोन भागांचं हर्डल मॉडेल शोभतं: एक भाग शून्य की शून्याहून जास्त हे पाहतो, दुसरा फक्त जाणाऱ्यांच्या फेऱ्या मोजतो.

```r
install.packages("pscl")
library(pscl)
h <- hurdle(f, data = NMES1988, dist = "negbin")
AIC(nb, h)
```

एआयसी २४,३५९ वरून सुमारे २४,२१४ वर येतो. सुधारणा खरी आहे, पण पॉयसन सोडताना झालेल्या ११ हजारांच्या घसरणीपुढे ती लहान आहे, आणि प्रत्येक घटकाचे आता दोन-दोन गुणांक समजावून सांगावे लागतात. विम्यामुळे माणूस डॉक्टरांकडे जाऊ लागतो की आधीच जाणारा जास्त वेळा जातो, हा तुमचा प्रश्न असेल तर ते कष्ट घ्या. एकूण फेऱ्यांचीच तुलना हवी असेल तर निगेटिव्ह बायनोमियलवर थांबा, आणि अहवालात `θ`, कालावधी कसा धरला आणि अपेक्षित व प्रत्यक्ष शून्यांचे आकडे गुणांकांशेजारीच लिहा.